शिकाकू: आयतांचं कोडं न अंदाजता कसं सोडवायचं

शिकाकू हा शब्द जपानी. कोड्याचं पूर्ण नाव ‘शिकाकु नि किरे’, म्हणजे साधारण ‘चौकोनांत काप’. सुडोकूला ते नाव देणाऱ्या निकोली या जपानी प्रकाशनानेच हेही कोडं लोकांसमोर आणलं. इंग्रजी संग्रहांत आणि मोबाइलवरच्या खेळांत ते ‘रेक्टँगल्स’ या नावानेही भेटतं. नियम दोन ओळींत संपतात. जाळीतल्या काही घरांत आकडे दिलेले असतात. संपूर्ण जाळी आयतांत कापायची, प्रत्येक आयतात नेमका एकच आकडा यायला हवा आणि त्या आयतात तेवढीच घरं हवीत. चौरसही आयतच धरायचा. एकही घर उरता कामा नये आणि दोन आयत एकमेकांवर चढता कामा नयेत.

नियम इतके साधे असल्यामुळे नवखा माणूस पेन्सिल उचलतो, पहिला दिसेल तो आकडा घेतो आणि ‘इथे बसतंय’ म्हणून आयत काढून मोकळा होतो. गाडी अडते ती इथेच. शिकाकूत ‘बसतंय’ याला काहीच किंमत नाही. दुसरीकडे कुठेच बसत नाही, हे कळल्यावरच रेघ मारायची. ते कसं कळतं, हे पुढे एका सात बाय सातच्या कोड्यावर शेवटपर्यंत करून पाहू.

हाताशी घ्यायचं कोडं

स्तंभांना अ, ब, क, ड, इ, फ, ग अशी नावं देऊ आणि ओळींना वरून खाली १ ते ७ आकडे. म्हणजे ‘क५’ हे तिसऱ्या स्तंभातलं, वरून पाचव्या ओळीतलं घर. ‘अ१–क२’ म्हटलं की अ१ हा एक कोपरा आणि क२ हा समोरचा कोपरा असलेला आयत समजायचा.

| | अ | ब | क | ड | इ | फ | ग |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | ६ | · | · | · | · | ४ | · |
| २ | · | · | · | ४ | · | · | · |
| ३ | · | · | २ | · | · | · | ६ |
| ४ | ४ | · | · | · | · | · | · |
| ५ | · | · | ९ | · | · | · | · |
| ६ | · | · | · | · | ३ | · | ६ |
| ७ | · | · | ५ | · | · | · | · |

चौकडीच्या कागदावर हे उतरवून घ्या आणि पेन्सिलनेच काम करा. उतरवताना चूक झाली का, हे तपासायचा सोपा मार्ग आहे: सगळ्या आकड्यांची बेरीज जाळीतल्या घरांइतकी यायला हवी. इथे ६ + ४ + ४ + २ + ६ + ४ + ९ + ३ + ६ + ५ = ४९, आणि सात साते एकोणपन्नास. बेरीज जुळली नाही तर कोडं सुटणं शक्यच नाही, तेव्हा डोकं लावण्याआधी हे दहा सेकंदांचं काम उरकून घ्यावं.

सुरुवात कोणत्या आकड्यापासून?

‘लहान आकडा सोपा, मोठा अवघड’ असा बहुतेकांचा समज असतो. तो अर्धवटच खरा आहे. एखाद्या आकड्याला किती पर्याय आहेत, हे मोजता येतं. समजा आकडा ६ आहे. सहा घरांचे आयत चार आकारांचे: १×६, २×३, ३×२ आणि ६×१ (पहिला आकडा रुंदी, दुसरा उंची). यातला कोणताही एक आकार घेतला, तर दिलेला ६ त्या आयतातल्या सहापैकी कुठल्याही घरात असू शकतो, म्हणजे तो आकार सहा प्रकारे ठेवता येतो. चार आकार, प्रत्येकी सहा जागा, मिळून चोवीस पर्याय. हाच हिशेब सगळ्यांना लागू पडतो: आकड्याला जितक्या संख्यांनी निःशेष भाग जातो, तितक्या पटीने पर्याय. म्हणून ४ ला तीन आकार आणि बारा पर्याय, ५ ला दोनच आकार आणि दहा पर्याय. ३ ला सहा, २ ला चार.

आता ९ पाहा. नवाचे आकार तीन: १×९, ३×३, ९×१. पण जाळी सातचीच आहे, तेव्हा नऊ घरांची पट्टी मावतच नाही. उरला फक्त ३×३ चा चौरस आणि त्याच्या नऊ जागा. म्हणजे दिसायला सगळ्यात मोठा असलेला ९ हा इथे ६ पेक्षा कितीतरी बांधलेला आहे. शिवाय मोठ्या आयताला मोकळी जागा जास्त लागते, त्यामुळे तो शेजारच्या आकड्यांवर लवकर आपटतो. सातच्या जाळीत ८ असेल तर तोही असाच, फक्त २×४ किंवा ४×२. उलट १२ आला तर जरा थांबावं. त्याला ३×४ आणि २×६ दोन्ही, उभे-आडवे, शक्य असतात.

तेव्हा जाळी पाहिल्यावर तीन गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे पट्टी मावणार नाही इतका मोठा आकडा. दुसरी, ५ किंवा ७ सारखा मूळ आकडा, जो पट्टीशिवाय दुसरं काही होऊच शकत नाही. तिसरी, कोपऱ्यातला आकडा, कारण कोपऱ्यात प्रत्येक आकाराला एकच जागा उरते. ४ आणि ६ जाळीच्या मधोमध असतील तर त्यांच्याकडे सुरुवातीला बघूही नये.

नऊ: नऊ पर्यायांतून एक

क५ वरच्या नवाचा चौरस तीन ओळी उंच. त्यात पाचवी ओळ यायलाच हवी, म्हणजे ओळी ३–५, ४–६ किंवा ५–७. स्तंभही तसेच: अ–क, ब–ड किंवा क–इ. क स्तंभ तिन्हींत आहे, हे ध्यानात ठेवा.

ओळी ३–५ घेतल्या तर क३ वरचा २ आत येतो. ओळी ५–७ घेतल्या तर क७ वरचा ५ आत येतो. राहिल्या ४–६. आता स्तंभ. अ–क घेतले तर अ४ वरचा ४ आत येतो, क–इ घेतले तर इ६ वरचा ३ आत येतो. राहिले ब–ड. म्हणजे नवाचा चौरस ब४–ड६, आणि हे ठरवायला बाकी जाळीचा काहीही उलगडा लागला नाही. गडद रेघेने काढून टाका.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. घरं मोजून नऊ भरली की ते समाधान मानतात आणि आत दुसरा आकडा आलाय का, हे पाहायचं राहून जातं. आयत काढल्यावर दोन वेळा मोजायची सवय लावावी: एकदा घरं, एकदा आतले आकडे.

कोपऱ्यातला सहा: पक्का नाही, तरी उपयोगी

अ१ वरचा ६ कोपऱ्यात आहे, त्यामुळे चोवीसचे थेट चारच पर्याय राहतात. आडवी पट्टी अ१–फ१ काढली तर फ१ वरचा ४ गिळला जातो. उभी पट्टी अ१–अ६ काढली तर अ४ वरचा ४ गिळला जातो. उरले दोन: आडवा अ१–क२, किंवा उभा अ१–ब३. दोन्ही सध्या शक्य आहेत.

पेन्सिल खाली ठेवायची घाई करू नका. दोन्ही पर्याय एकमेकांवर ठेवून पाहिले तर अ१, ब१, अ२, ब२ ही चार घरं दोघांतही आहेत. म्हणजे आयत कोणता हे ठरलं नसलं, तरी ही चार घरं या सहाचीच, हे ठरलं. त्या घरांत छोटे ठिपके द्या. शिकाकूतली निम्मी प्रगती अशा ठिपक्यांनीच होते. आयत पक्का होईपर्यंत काही लिहायचंच नाही, असं ठरवलेला माणूस मोठ्या जाळीत हमखास अडकतो.

ठिपके लगेच कामाला लागतात. अ४ वरचा ४ घ्या. त्याच्या उजवीकडचं ब४ नवाने घेतलं आहे, त्यामुळे तो आडवा पसरू शकत नाही आणि २×२ ही होऊ शकत नाही. म्हणजे उभी पट्टीच. अ१–अ४ मध्ये वरचा ६ येतो. अ२–अ५ मध्ये अ२ येतं, आणि तिथे सहाचा ठिपका आहे. तेव्हा पट्टी अ३–अ६ किंवा अ४–अ७. यातही अ४, अ५, अ६ दोघांत सामायिक, त्यांनाही ठिपके. वर अ३ की खाली अ७, एवढाच प्रश्न राहिला.

प्रश्न उलटा विचारायचा: हे घर कोणाचं?

आत्तापर्यंत आपण आकड्याकडून पाहत होतो: हा आकडा कुठे कुठे जाऊ शकतो? एका टप्प्यावर ही दिशा थकते. मग घराकडून पाहायचं: या घरापर्यंत कोण कोण पोचू शकतं? प्रत्येक घर कोणाचं तरी असायलाच हवं, या नियमाचा खरा जोर इथे लागतो. हा प्रश्न काठावरच्या, आकड्यांपासून दूर पडलेल्या किंवा पक्क्या आयतांनी कोंडलेल्या घरांना विचारावा. मधल्या मोकळ्या घरांना विचारला तर चार-पाच नावं येतात आणि हाती काही लागत नाही.

ब७ घ्या. त्याच्या वर नवाचा चौरस आहे, त्यामुळे वरून कोणी येऊ शकत नाही. डावीकडून अ४ चा ४ येईल का? तो अ स्तंभातच अडकलेला आहे. उरला क७ वरचा ५. म्हणजे ब७ पाचाचंच.

आता पाच. पाच म्हणजे पट्टी. उभी पट्टी वर न्यायची तर क६ वर नऊ बसला आहे, म्हणून आडवी. सातव्या ओळीत क७ सह पाच घरं तीन प्रकारे घेता येतात: अ७–इ७, ब७–फ७, क७–ग७. ब७ आत हवं, म्हणून शेवटचा पर्याय गेला. अ की ब, एवढं अजून उघडं आहे, पण ग७ या कोपऱ्यापर्यंत पाच पोचत नाही, हे नक्की.

मग ग७ कोणाचं? ग३ वरचा ६ खाली पट्टी काढून यायचा म्हटला तर वाटेत ग६ वर दुसरा ६ आहे. इ६ वरच्या तिनाला ग७ लांब पडतं. राहिला ग६ वरचाच ६. त्याचे आकार तपासू. आडवी पट्टी इ६ वरच्या तिनावर आपटते. तीन रुंद, दोन उंच असा आयत इ–ग स्तंभांत येतो, तोही इ६ गिळतो. उभी पट्टी ग३ गिळते. उरतो दोन रुंद, तीन उंच आयत, आणि त्यात ग७ हवं असेल तर तो एकच: फ५–ग७. काढा.

एक गडी हलला की मागचे हलतात, तसं इथून पुढे होतं. फ७ गेलं, म्हणून पाच अ७–इ७. अ७ पाचाकडे गेलं, म्हणून अ४ चा चार अ३–अ६. अ३ चाराकडे गेलं, म्हणून वरच्या कोपऱ्यातला सहा उभा होऊ शकत नाही, तो अ१–क२. आता ब३ पाहा: वर सहा, डावीकडे चार, खाली नऊ. उजवीकडच्या क३ वरच्या दोनाशिवाय त्याला कोणी नाही, म्हणून दोन ब३–क३. पाच आयत, आणि एकाही ठिकाणी ‘बहुतेक’ म्हणावं लागलं नाही.

उरलेला उजवा भाग

इ६ वरच्या तिनाच्या डावीकडे नऊ, उजवीकडे सहा, खाली पाच. वर जाण्यावाचून गत्यंतर नाही: इ४–इ६.

ग४ कोणाचं? फ१ वरचा ४ खाली पट्टी काढून फ४ पर्यंत येऊ शकतो, पण ग स्तंभात तितका खाली येऊ शकत नाही. ड२ वरचा ४ लांब आहे. म्हणून ग४ हे ग३ वरच्या सहाचं. ग३ आणि ग४ दोन्ही घेणारे सहाचे आयत कोणते? खाली ग५ भरलेलं आहे, म्हणून चौथ्या ओळीच्या खाली जाता येत नाही. तीन रुंद, दोन उंच घेतला तर इ४ लागतं, ते तिनाने घेतलंय. उभी पट्टी सहा घरांची, ती चौथ्या ओळीत थांबली तर वर जाळीबाहेर जाते. राहिला फ२–ग४.

फ२ गेलं, म्हणून फ१ चा चार खाली येऊ शकत नाही. तो पहिल्या ओळीतच, आणि क१ सहाचं असल्यामुळे ड१–ग१. उरली ड२, इ२, ड३, इ३ ही चार घरं आणि त्यात ड२ वर ४. तो चौरस आपोआप झाला.

पूर्ण झालेली जाळी अशी दिसते. प्रत्येक घरात ते ज्या आयताचं, त्याचा आकडा लिहिला आहे:

| | अ | ब | क | ड | इ | फ | ग |
|---|---|---|---|---|---|---|---|
| १ | ६ | ६ | ६ | ४ | ४ | ४ | ४ |
| २ | ६ | ६ | ६ | ४ | ४ | ६ | ६ |
| ३ | ४ | २ | २ | ४ | ४ | ६ | ६ |
| ४ | ४ | ९ | ९ | ९ | ३ | ६ | ६ |
| ५ | ४ | ९ | ९ | ९ | ३ | ६ | ६ |
| ६ | ४ | ९ | ९ | ९ | ३ | ६ | ६ |
| ७ | ५ | ५ | ५ | ५ | ५ | ६ | ६ |

उजवीकडे फ–ग स्तंभांत दोन वेगळे सहा आहेत, त्यांच्यातली रेघ चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधून जाते. वरच्या दोन चारांमधली रेघ पहिल्या ओळीच्या खाली.

चूक कुठे होते आणि कुठे दिसते

समजा नऊ काढून झाल्यावर कोणी घाईने फ१ च्या चाराचा सुबक चौरस काढला: फ१–ग२. जागा मोकळी आहे, घरं चार आहेत, आत दुसरा आकडा नाही. सगळं ठीक दिसतं. आता ग३ च्या सहाला वर जाता येत नाही. तिसऱ्या ओळीत डावीकडे पट्टी न्यायची तर सहावं घर ब३ पडतं आणि वाटेत क३ वरचा २ येतो. उरतात दोन पर्याय: फ३–ग५ किंवा इ३–ग४.

फ३–ग५ घेतला तर ग६ च्या सहाला फ४–ग६ आणि फ५–ग७ या दोन्ही जागा बंद होतात, तो मेला. इ३–ग४ घेतला तर इ४ जातं. मग इ६ च्या तिनाला वर फक्त इ५ मिळतं, म्हणून तिसरं घर खाली इ७ घ्यावं लागतं. पण मग क७ च्या पाचाला सातव्या ओळीत डावीकडची चारच घरं राहतात. पाच मेला.

चूक झाली होती वरच्या उजव्या कोपऱ्यात, पण बोंब झाली खालच्या ओळीत, पाच ओळी लांब. शिकाकूत चुकीचा आयत स्वतः कधीच बोलत नाही, त्याच्यामुळे जागा गमावलेला दुसरा कोणीतरी बोलतो. म्हणून आकडा अडला की त्याच्या आसपासच्या रेघा खोडत बसण्यात अर्थ नसतो. ज्या रेघेमागे ठोस कारण नव्हतं, ती शोधून तिथपर्यंत मागे जावं लागतं. त्यासाठी एक सोय करून ठेवावी: कारण सापडलेल्या रेघा गडद, नुसत्या करून पाहिलेल्या रेघा फिकट किंवा तुटक. अडलं की तुटक रेघा सगळ्या पुसायच्या, गडद रेघांना हात लावायचा नाही.

अडकल्याची आणखी एक खूण लवकर दिसते. पक्क्या आयतांमध्ये एखादं एकटं घर कोंडलं गेलं आणि त्याच्या कोणत्याही बाजूला पोचू शकणारा आकडा उरला नाही, तर तिथेच थांबा. कोंडलेला भाग मोठा असेल तर त्यातली घरं मोजा आणि त्यातल्या आकड्यांची बेरीज करा. दोन्ही सारखी नसतील तर भागाच्या भिंतींपैकी एक तरी चुकीची आहे. आपल्या कोड्यात शेवटून दोन आयत उरले तेव्हा आठ घरं होती आणि आकडे ४ व ४, हिशेब जुळत होता.

जेव्हा एकही पक्का आयत सापडत नाही

दहा बाय दहा किंवा त्याहून मोठ्या जाळीत अशी वेळ येते की ठिपके देऊन झाले, एकाकी घरं विचारून झाली, तरी काही हलत नाही. तेव्हा ज्याला नेमके दोनच पर्याय उरलेत असा आकडा निवडा, तीन-चार उरलेला नव्हे. पहिला पर्याय तुटक रेघेने काढा आणि त्यातून जे अपरिहार्य येतं तेवढंच पुढे न्या. विरोध आला तर दुसरा पर्याय पक्का. विरोध आला नाही तर ‘चला, जमलं’ म्हणून पुढे जायचं नाही. दुसराही पर्याय करून पाहायचा, आणि दोन्हींत सारखी आलेली घरं तेवढी गडद करायची. कोपऱ्यातल्या सहाच्या वेळी दोन आयत एकमेकांवर ठेवून जे केलं, तेच इथे आख्ख्या जाळीच्या तुकड्यावर.

पाचेक पावलांत विरोध मिळाला नाही तर तो पर्याय सोडून दुसरा आकडा निवडावा. फार लांब गेलेला तर्क डोक्यात राहत नाही आणि चुकीची रेघ गडद होऊन बसते. जाळी कितीही मोठी असली तरी हमखास आणि झटपट चालणारी एकच युक्ती असेल, अशी आशा मात्र ठेवू नये. शिकाकू ‘एनपी-कम्प्लीट’ गटात मोडतं, हे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये सिद्ध केलं आहे. म्हणजे कोणत्याही आकाराच्या कोड्यासाठी झटपट चालणारी सर्वसाधारण रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. छापील कोडी सुटतात, कारण ती माणसाने तर्काच्या वाटा ठेवून रचलेली असतात.

स्वतः कोडं रचायचं असेल तर

रचणं उलट दिशेने होतं: आधी कोरी जाळी आयतांत कापायची, मग प्रत्येक आयतात एका घरात त्याचं क्षेत्रफळ लिहायचं. कापणं सोपं, आकडा कोणत्या घरात लिहायचा हे अवघड. उत्तर एकच राहील की दोन होतील, हे त्यावर ठरतं.

वरच्याच कोड्यात ग६ वरचा ६ एक घर डावीकडे, फ६ वर ठेवून पाहा. बाकी काही बदलू नका. आयत तेच राहतात, बेरीज तीच राहते, आधीचं उत्तरही बरोबरच ठरतं. पण आता दुसरं उत्तरही निघतं: फ२–फ७ ही एक उभी पट्टी आणि ग२–ग७ ही दुसरी. पहिलीत फ६ वरचा ६, दुसरीत ग३ वरचा ६. दोन्ही सहा-सहा घरांच्या, बाकी जाळीला धक्काही नाही. कोडं बाद.

कारण असं: दोन रुंद, तीन उंच असे दोन आयत एकाखाली एक ठेवले की दोन रुंद, सहा उंच असा मोठा आयत होतो, आणि तो आडवा कापला काय किंवा उभा कापला काय, तुकडे सहा-सहाचेच निघतात. आकडे वेगवेगळ्या ओळींत आणि वेगवेगळ्या स्तंभांत असतील तर दोन्ही काप चालतात. दोन्ही आकडे ग स्तंभात ठेवले की उभा काप बंद होतो, कारण दोन्ही आकडे एकाच पट्टीत येतात. याचं सगळ्यात छोटं रूप म्हणजे शेजारी-शेजारी दोन २, मिळून २×२ चा खिसा. दोन्ही २ तिरके समोरासमोर ठेवले तर उत्तरं दोन, एका ओळीत किंवा एका स्तंभात ठेवले तर एक.

म्हणून रचलेली जाळी तपासताना शेजारचे समान क्षेत्रफळाचे आयत जोडी-जोडीने पाहावेत: दोघे मिळून मोठा आयत होतो का, तो दुसऱ्या दिशेने तसाच समान कापता येतो का, आणि आकडे त्या दुसऱ्या कापाच्या दोन बाजूंना पडतात का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर त्यातला एक आकडा हलवावा लागतो. जोड्या संपल्या की पूर्ण कोडं कोऱ्या कागदावर उतरवून, स्वतःचे काप विसरून, पहिल्यापासून पुन्हा सोडवायला घ्यावं. तीन-चार आयतांच्या साखळीत लपलेलं दुसरं उत्तर जोड्या पाहून सापडत नाही. सोडवताना एखादा आकडा शेवटपर्यंत दोन पर्यायांत लोंबकळत राहिला की ते उघडं पडतं.